जमिनीतली रोजची उष्णतेची लाट किती खोल जाते: दोन तापमापक पुरून मोजायची रीत

कृषी हवामान वेधशाळेत जमिनीचं तापमान साधारणपणे ५, १० आणि २० सेंटिमीटर खोलीवर मोजतात. वाचन दिवसातून दोनदा होतं, सकाळी ७ वाजता आणि दुपारी २ वाजता. ही घड्याळाची वेळ नव्हे, तर स्थानिक सरासरी वेळ असते. पुण्यात ती आपल्या घड्याळापेक्षा साधारण ३५ मिनिटं मागे. या नोंदवहीचं एखादं उन्हाळी पान चाळलं तर ५ सेंटिमीटरच्या रकान्यात सकाळ-दुपारचा फरक दहा-बारा अंशांचा दिसतो आणि २० सेंटिमीटरच्या रकान्यात जवळजवळ काहीच नाही. नवखा माणूस यावरून लगेच ठरवतो की रोजचं ऊन वीतभर खोल पोचतच नाही. ते पोचतं, फक्त उशिरा पोचतं आणि आपण नेमके चुकीच्या वेळी बघायला जातो. हे स्वतः मोजून कसं काढायचं, ते इथे सांगतो. लागणारं गणित बारावीच्या विज्ञानापलीकडचं नाही.

आधी काय मोजायचं ते समजून घेऊ

सकाळी ऊन चढलं की जमिनीचा वरचा पापुद्रा तापतो आणि खालच्या थराला उष्णता देऊ लागतो. खालचा थर त्यातली काही स्वतः तापण्यात खर्च करतो, उरलेली पुढे ढकलतो. संध्याकाळी पृष्ठभाग निवायला लागला की तापमानाचा उतार उलटतो आणि आतल्या थरातली उष्णता परत वर जाऊ लागते. म्हणजे प्रत्येक थर दिवसा थोडी उष्णता अडवून ठेवतो आणि पुढचा थर पुरता तापायच्या आत वरून माघार सुरू होते. याचे परिणाम दोन. खोल जावं तसा चढउतार झपाट्याने लहान होत जातो, आणि कमाल तापमानाची वेळ पुढे पुढे सरकत जाते.

पृष्ठभागाचा चढउतार साध्या साइन लाटेसारखा धरला आणि माती वरपासून खालपर्यंत एकसारखी मानली, तर z खोलीवरचं तापमान असं मांडता येतं:

```
T(z,t) = Tm + A0 * exp(-z/d) * cos( 2π(t - t0)/24 - z/d )
```

Tm म्हणजे दिवसाची सरासरी, A0 म्हणजे पृष्ठभागावरचा आयाम (कमाल आणि किमान यांतल्या फरकाच्या निम्मा), आणि t0 ही पृष्ठभाग सर्वांत तापण्याची वेळ, तासांत. उरला d. या लेखात आपण त्याच्याच मागे आहोत. त्याला डॅम्पिंग डेप्थ म्हणतात. एक d खोल गेलं की आयाम पृष्ठभागाच्या ३७ टक्के उरतो, दोन d वर १४ टक्के, तीन d वर ५ टक्के.

त्यामुळे ‘लाट किती खोल जाते’ याचं उत्तर एका आकड्यात देण्याआधी ‘किती टक्के उरेपर्यंत’ हे ठरवावं लागतं. लाट कुठेही एकदम संपत नाही. व्यवहारात तीन d ला थांबलं तरी चालतं, कारण पृष्ठभागावर ३० अंशांचा फरक असला तरी तिथे तो दीड अंशाचाच राहतो.

सूत्रात एक गंमत आहे. तोच d आयाम किती कमी होणार हेही सांगतो आणि उशीर किती होणार हेही. म्हणजे एकच गोष्ट दोन वेगळ्या वाटांनी मोजता येते आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते पाहता येतं. मोजणीत काही बिनसलंय का, हे कळण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

d किती असावा याचा ढोबळ अंदाज आधीच डोक्यात ठेवा. कोरड्या वाळूत साधारण ८ सेंटिमीटर, ओल्या वाळूत १४. कोरड्या चिकण मातीत ७ च्या आसपास, पूर्ण भिजलेल्या चिकण मातीत १२. सेंद्रिय, भुसभुशीत पीट मातीत अवघा ५ ते ६. शेतात तुमचं उत्तर ३ किंवा ३० आलं, तर मातीला दोष देण्याआधी तापमापक तपासा.

जागा आणि दिवस

जागा सपाट, उघडी आणि दिवसभर सावली न येणारी हवी. बांधाजवळ, भिंतीच्या कडेला किंवा झाडाखाली नको. दुपारी तासभर सावली पडली तरी लाटेचा आकार बिघडतो. कुंडीत किंवा ग्रोबॅगमध्ये ही मोजणी करू नका. तिथे उष्णता बाजूनेही शिरते आणि वरचं सूत्र फक्त वरून खाली जाणाऱ्या उष्णतेचं आहे.

आपल्याकडच्या भारी काळ्या जमिनीत भेगांकडे खास लक्ष द्यावं लागतं. एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्यांतून हवा थेट खाली जाते. भेगेच्या शेजारी पुरलेला तापमापक मातीपेक्षा भेगेतल्या हवेचं ऐकतो. म्हणून काळ्या जमिनीत पहिली मोजणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, भेगा रुंदावण्याआधी केलेली बरी. मुरमाड किंवा पोयटा जमिनीत ही अडचण नसते, पण मोठा दगडगोटा मध्ये येणार नाही एवढं बघा.

आकाश निरभ्र हवं, आणि एकच दिवस नव्हे तर लागोपाठ तीन-चार सारखे दिवस हवेत. सूत्र गृहीत धरतं की कालचा दिवस आजसारखाच होता. काल ढग होते आणि आज कडक ऊन आहे, तर २० सेंटिमीटरवरच्या लहानशा चढउतारात कालची थंडी अजून उतरत असते. नुकतंच पाणी दिलं असेल तर वाफसा येईपर्यंत थांबा, म्हणजे ओल दिवसागणिक फार बदलणार नाही.

तापमापक

वेधशाळेत वाकड्या दांड्याचे काचेचे तापमापक असतात. फुगा खोलीवर राहतो आणि मोजपट्टी जमिनीवर कलती दिसते. ते मिळाले तर उत्तमच, फक्त रात्रीही दर दोन तासांनी उठून वाचायची तयारी ठेवा. घरगुती प्रयोगाला `DS18B20` नावाचा जलरोधक सेन्सर सोयीचा पडतो. स्टीलच्या बारीक नळीत बसवलेला असतो, स्वस्त असतो आणि एकाच तारेवर तीन-चार जोडता येतात. आपल्याला तीन लागतील, दोन मोजणीला आणि तिसरा पडताळ्याला. सोबत `ESP32` किंवा आर्डुइनो बोर्ड आणि ४.७ किलो-ओहमचा एक रोधक लागतो. दर दहा मिनिटांनी नोंद घ्या आणि नंतर तासाची सरासरी काढा.

या सेन्सरची अचूकता अर्ध्या अंशाची सांगितलेली असते, आणि त्यावर पुष्कळ जण अडतात. आपल्याला चढउतार हवा आहे. सेन्सर नेहमीच ०.४ अंश जास्त दाखवत असेल तर तो कमालही तेवढंच जास्त दाखवेल आणि किमानही, आणि फरकात ती चूक निघून जाईल. तरी पुरण्याआधी सगळे सेन्सर एकत्र बांधून आधी बर्फाच्या पाण्यात आणि मग पन्नासेक अंशांच्या गरम पाण्यात बुडवून बघा. दोन्हीकडे त्यांच्यातला आपसातला फरक सारखाच असेल तर काम भागलं. थंडीत एक आणि उष्णतेत दुसराच फरक दिसला तर तो सेन्सर बाजूला ठेवा, कारण ती चूक थेट आयामात शिरते.

आणखी एक गोष्ट पुरण्याआधीच करायची. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा लांबलचक क्रमांक असतो. कुठला क्रमांक कुठल्या तारेचा, ते लिहून तारेच्या वरच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावा. तिन्ही तारा काळ्या असतात आणि एकदा माती ओढली की कोण कुठे आहे हे सांगायला कुणी उरत नाही.

पुरणं

बहुतेक प्रयोग इथेच बिघडतात, म्हणून घाई नको.

मोजायच्या जागेत वरून भोक पाडून सेन्सर उभा खुपसू नका. उभी सळई आणि तिच्याभोवतीची सैल माती मिळून उष्णतेला खाली जायला आडवाट तयार होते, शिवाय नळी चार-पाच सेंटिमीटर लांब असल्याने खोली नेमकी कोणती धरायची तेही कळत नाही. त्याऐवजी शेजारी ३० सेंटिमीटर खोल छोटा खड्डा घ्या. ज्या बाजूला मोजायचं ती भिंत सरळ, उभी कापा आणि त्या बाजूच्या वरच्या मातीवर पाय देऊ नका. मातीचे थर ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने वेगळे ठेवा.

आता पृष्ठभागावर एक सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवा आणि तिच्यापासून खाली ५, १० आणि २० सेंटिमीटरवर भिंतीत खुणा करा. ढेकळं असतील तर आधी हाताने जागा सारखी करून घ्या, नाहीतर शून्य कुठे धरायचं हाच वाद होतो. सेन्सरपेक्षा किंचित बारीक सळईने भिंतीत आडवं भोक पाडा आणि सेन्सर दहा-पंधरा सेंटिमीटर आत, न ढळलेल्या मातीत घट्ट बसेल असा सरकवा. तिन्ही एकाच उभ्या रेषेत नकोत, हातभर अंतर ठेवा. भोकात पोकळी राहिली तर सेन्सर हवेचं तापमान सांगेल, म्हणून तोंड बारीक मातीने दाबून बंद करा.

तार लगेच वर आणू नका. ती त्याच खोलीवर हातभर आडवी न्या आणि मग वर काढा. तांब्याची तार उष्णता चांगली वाहते, आणि उन्हात तापलेली तार सरळ खाली उतरली तर सेन्सरला दुपारची खबर वेळेआधीच मिळते. मग माती त्याच क्रमाने परत भरा, थराथराने हलकी दाबा आणि किमान तीन-चार दिवस वाट बघा.

खोलीतली एक सेंटिमीटरची चूक किती महाग पडते ते बघा. d जर ८ सेंटिमीटर असेल तर सेन्सर एक सेंटिमीटर खाली-वर झाल्याने आयाम साधारण १२ टक्के बदलतो. सेन्सरच्या अर्ध्या अंशाच्या अचूकतेची चिंता करणाऱ्यांनी ती चिंता इथे खर्च करावी. शक्य असेल तर प्रयोग संपल्यावर सेन्सर उकरून काढताना खोली पुन्हा मोजा. कोळपणी झाली, पाऊस पडला किंवा माती बसली, तर ती बदललेली असते.

पृष्ठभागाचं तापमान मात्र सेन्सर मातीवर ठेवून घेऊ नका. उन्हात पडलेली स्टीलची नळी मातीचं नव्हे तर स्वतःचंच तापमान सांगते. ते आपण खालून गणिताने काढणार आहोत.

आकडे हाताळणं: एक उदाहरण

समजा मार्चअखेरची कोरडी जमीन आहे आणि तीन सारख्या दिवसांची तासागणिक सरासरी काढून पुढचं चित्र मिळालं. (आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत, पण कोरड्या जमिनीला साजेसे आहेत.) ५ सेंटिमीटरवर कमाल ४३.० आणि किमान २७.०, म्हणजे आयाम ८.०. कमाल दुपारी ४:०० ला. १० सेंटिमीटरवर कमाल ३९.२ आणि किमान ३०.६, म्हणजे आयाम ४.३. कमाल संध्याकाळी ६:२० ला.

पहिल्यांदा दोन्हींची सरासरी बघायची. ती इथे ३५.० आणि ३४.९ आहे, म्हणजे जवळपास सारखीच. तीन-चार अंशांचा फरक निघाला असता तर एक तर दिवस सारखे नव्हते किंवा एखादा सेन्सर भलतंच सांगत होता, आणि पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

आता आयामावरून d:

```
d = (z2 - z1) / ln(A1/A2)
  = (10 - 5) / ln(8.0/4.3)
  = 5 / 0.621 = 8.05 cm
```

आणि उशिरावरून d. पाच सेंटिमीटर उतरायला लाटेला २ तास २० मिनिटं, म्हणजे २.३३ तास लागले:

```
d = (z2 - z1) * 24 / (2π * Δt)
  = 5 * 24 / (6.283 * 2.33) = 8.2 cm
```

८.०५ आणि ८.२. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास तेच उत्तर आलं, म्हणजे मोजणीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. मातीची उष्णता-प्रसरणक्षमता (थर्मल डिफ्युझिव्हिटी) हवी असेल तर κ = πd²/86400. d मीटरमध्ये घालून ती सुमारे ०.२४ × १०⁻⁶ चौरस मीटर प्रतिसेकंद येते. कोरड्या जमिनीला हा आकडा शोभतो.

आता खाली आणि वर, दोन्हीकडे जाता येतं. वर जाऊ: पृष्ठभागाचा आयाम ८.० ला e^(५/८.०५) ने गुणून सुमारे १४.९. म्हणजे पृष्ठभाग साधारण २० पासून ५० अंशांपर्यंत हिंडतो आणि दुपारी दीड-पावणेदोनला सर्वांत तापलेला असतो. खाली जाऊ: २० सेंटिमीटरवर आयाम ४.३ ला e^(−१०/८.०५) ने गुणून १.२४, म्हणजे दिवसभराचा फरक अडीच अंश. आणि कमाल? संध्याकाळी ६:२० मध्ये पावणेपाच तास मिळवा. रात्री ११:०५.

तिसरा सेन्सर इथे साक्षीदार म्हणून कामाला येतो. पहिल्या दोघांवरून काढलेलं भाकीत त्याच्या नोंदीशी ताडून बघा. अडीच-पावणेतीन अंश आणि रात्री साडेदहा-साडेअकराच्या दरम्यान कमाल दिसली, तर तुमची जमीन तेवढ्या खोलीपर्यंत बऱ्यापैकी एकसारखी आहे.

वेधशाळेच्या दोन वाचनांचं काय होतं

आता सुरुवातीचा पेच सोडवू. २० सेंटिमीटरवर कमाल रात्री ११:०५ ला असेल तर किमान सकाळी ११:०५ ला असणार. वेधशाळेची वाचनं पुण्याच्या घड्याळात साधारण ७:३५ आणि २:३५ ला होतात. म्हणजे एक वाचन किमानाच्या साडेतीन तास आधी आणि दुसरं साडेतीन तास नंतर. एकदा लाट उतरत असताना आणि एकदा चढत असताना आपण तिला त्याच उंचीवर पकडतो. आपल्या सूत्राने दोन्ही वेळी तापमान ३४.१ च्या आसपास येतं. खरा फरक अडीच अंशांचा, आणि नोंदवहीत शून्य.

५ सेंटिमीटरवर याच दोन वेळांना सुमारे ३०.३ आणि ४२.५ मिळतात, म्हणजे सोळापैकी बारा अंश तरी हाती लागतात. १० सेंटिमीटरवर ८.६ पैकी साडेसहा. म्हणून दोन वाचनांवरून d काढायचा मोह आवरा. १० आणि २० च्या रकान्यांवरून काढायला गेलात तर शून्याने भागायची वेळ येईल. यात वेधशाळेचं काही चुकत नाही. ती वाचनं वर्षानुवर्षं एकाच वेळी घेऊन तुलना करण्यासाठी असतात. रोजच्या लाटेचा आकार काढायला त्यांचा उपयोग होत नाही, एवढंच.

कमाल-किमानाऐवजी सगळा दिवस वापरा

वरच्या उदाहरणात मी कमाल आणि किमान घेतलं, कारण समजायला सोपं जातं. खऱ्या नोंदींत एक अडचण येते. पृष्ठभागाची लाट शुद्ध साइन नसते. ऊन बारा तास, आणि त्यात दुपारी टोकदार शिखर. रात्र मात्र सावकाश निवत जाते. त्यामुळे किमान कमालानंतर बरोबर बारा तासांनी येत नाही. ५ सेंटिमीटरवर ते सूर्योदयाच्या सुमारास येतं. कमालाच्या वेळेवरून काढलेला उशीर आणि किमानाच्या वेळेवरून काढलेला उशीर मग वेगवेगळे निघतात आणि माणूस गोंधळतो.

उपाय सोपा आहे. चोवीस तासांच्या नोंदींतून २४ तासांच्या आवर्तनाची लाट तेवढी वेगळी काढायची. स्प्रेडशीटमध्ये `A2:A25` मध्ये तास ० ते २३ आणि `B2:B25` मध्ये तापमान भरा. मग:

```
D1: =AVERAGE(B2:B25)
D2: =SUMPRODUCT(B2:B25,COS(2*PI()*A2:A25/24))/12
D3: =SUMPRODUCT(B2:B25,SIN(2*PI()*A2:A25/24))/12
D4: =SQRT(D2^2+D3^2)
D5: =MOD(ATAN2(D2,D3)*24/(2*PI()),24)
```

`D4` मध्ये आयाम येतो आणि `D5` मध्ये कमालाची वेळ, तासांत. प्रत्येक खोलीसाठी हेच करून निघालेले आयाम आणि वेळा आधीच्या दोन सूत्रांत घाला. दर दोन तासांनी हाताने वाचलं असेल तर ओळी बाराच असतील. तेव्हा ओळींची कक्षा तेवढीच ठेवा आणि १२ ऐवजी ६ ने भागा. एखाद्या तासाची नोंद हुकली तर जागा मोकळी सोडू नका, आधीच्या आणि नंतरच्या वाचनाची सरासरी भरा.

टोकदार शिखराचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवावा. लाटेचे कमी आवर्तनाचे, म्हणजे बारा तासांचे आणि आठ तासांचे भाग लवकर विरतात. बारा तासांच्या भागाचा d मूळ d ला √२ ने भागून येतो. म्हणून खाली जाताना लाट आपोआप गुळगुळीत होत जाते आणि १० सेंटिमीटरच्या खाली ती चांगली साइनसारखी दिसते. पण उलट दिशेने, खालून पृष्ठभागाचा अंदाज काढताना, हे विरलेले भाग परत मिळत नाहीत. आपण काढलेल्या ५० अंशांपेक्षा खरा पृष्ठभाग दुपारी जास्तच तापलेला असणार आणि पहाटे २० इतका उतरलेला नसणार. पृष्ठभागाचा अंदाज सांगताना ‘मुख्य लाटेपुरता’ हे शब्द जोडायला विसरू नका.

उत्तरं जुळली नाहीत तर

आयामावरचा d आणि उशिरावरचा d यांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक शेतात चालून जातो. दुप्पट-तिप्पट फरक निघाला तर आधी तांत्रिक कारणं शोधा. नोंदींत मधेच ८५.० हा आकडा दिसला तर ती उष्णता नव्हे. `DS18B20` चालू होताना, मोजणी पूर्ण व्हायच्या आधी वाचला तर हाच आकडा देतो. −१२७ दिसलं तर तार तुटली आहे किंवा जोड सुटला आहे. असा एक आकडा जरी सरासरीत शिरला तरी आयाम फुगतो, म्हणून हिशोबाआधी असे आकडे गाळा.

खोलवरच्या सेन्सरचं कमाल वरच्याच्या आधी किंवा बरोबरीने येत असेल तर तारेतून उष्णता उतरते आहे, किंवा भेगेतून हवा शिरते आहे, किंवा सेन्सरांची अदलाबदल झाली आहे. दोन सेन्सरांत वरच्याचा आयाम अपेक्षेपेक्षा लहान असेल तर तो बहुधा ठरवल्यापेक्षा खोल गेला आहे.

हे सगळं ठीक असूनही जुळेना, तर मग जमिनीचा विचार करा. वरचे चार-पाच सेंटिमीटर कोरडे, भुसभुशीत आणि खाली ओलसर घट्ट माती, ही आपल्या शेतातली नेहमीची स्थिती. तिथे एक d नसतोच. वरच्या थराचा वेगळा आणि खालच्याचा वेगळा. ५-१० च्या जोडीवरून आणि १०-२० च्या जोडीवरून स्वतंत्र d काढा. दुसरा पहिल्यापेक्षा स्पष्ट मोठा आला तर खाली ओल आहे असं समजायला हरकत नाही. खुरप्याने उकरून खात्री करायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

पाणी दिल्यावर पुन्हा मोजा

एक मोजणी कोरड्या जमिनीत झाली की पाणी द्या, वाफसा येऊ द्या आणि तीच मोजणी पुन्हा करा. इथे हमखास एक गैरसमज होतो. मातीच्या कणांमधली हवा जाऊन तिथे पाणी आलं की कणाकणांत उष्णता वाहण्याचा मार्ग जुळतो आणि d वाढतो. यावरून ‘ओली जमीन जास्त खोल तापते’ असं म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे. त्याच वेळी बाष्पीभवनाने उन्हातली बरीच ऊर्जा वरच्यावर खर्च होते आणि पाण्यामुळे माती तापायलाही जास्त उष्णता लागते, म्हणून पृष्ठभागाचा आयाम घटतो.

दोन्हींचा निव्वळ परिणाम खोलीवर ठरतो. कोरड्या जमिनीत A0 १५ आणि d ८ सेंटिमीटर धरा, ओल्या जमिनीत A0 ९ आणि d ११. पाच सेंटिमीटरवर कोरड्या जमिनीचा आयाम ८ आणि ओल्याचा ५.७. वीस सेंटिमीटरवर मात्र कोरड्याचा १.२ आणि ओल्याचा जवळपास दीड. दोन्ही वक्र १५ सेंटिमीटरच्या सुमारास एकमेकांना छेदतात. म्हणजे पाणी दिल्याने बी आणि कोवळी मुळं ज्या थरात असतात तिथला चढउतार कमी होतो, आणि त्याखाली तो थोडा वाढतो. तुमच्या जमिनीत छेद कुठे येतो ते दोन्ही मोजण्यांच्या A0 आणि d वरून मिनिटभरात निघेल.

आच्छादनाचं गणित याहून वेगळं आहे. उसाचं पाचट पसरल्याने मातीचा d फारसा बदलत नाही. पाचट फक्त मातीच्या पृष्ठभागापर्यंत पोचणारा A0 कापतं. मग सगळ्या खोलींवरचा आयाम सारख्याच प्रमाणात घटतो. म्हणून आच्छादनाखाली मोजताना खोली पाचटाच्या वरून नव्हे, मातीपासून धरायची. रंगाचंही तसंच. पुण्यात १९३२ साली भारतीय हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला आणि एल. ए. रामदास यांनी तो पुढे नेला. तिथल्या काळ्या मातीवर पांढरी खडूची पूड पसरून तापमानं ताडून बघण्याचे प्रयोग त्या काळात झाले होते. पांढऱ्या थराने ऊन परतवलं की A0 घटतो आणि त्याच्यामागे खालचे सगळे आयाम घटतात. काळी माती मुळात ऊन जास्त शोषते, त्यामुळे तिच्यात हा फरक ठळक दिसतो.

पारदर्शक प्लास्टिक अंथरून उन्हाळ्यात जमीन तापवणाऱ्यांनी, म्हणजे सौर निर्जंतुकीकरण करणाऱ्यांनी, d चा आकडा जरूर हाताशी ठेवावा. प्लास्टिकआधी जमीन भिजवायला का सांगतात याचं एक कारण त्यात आहे: ओलीत d मोठा, म्हणून दुपारची उष्णता खाली पोचते, आणि प्लास्टिक बाष्पीभवन अडवत असल्याने A0 ही पडत नाही. तरीही d ११ सेंटिमीटर असेल तर २५ सेंटिमीटरवर दुपारच्या आयामाचा फक्त दहावा हिस्सा उरतो. तिथलं तापमान वाढतं ते दुपारच्या शिखराने नव्हे, तर दिवसाची सरासरीच आठवड्यांमागून आठवडे वर सरकल्याने. म्हणून हा उपाय दोन-चार दिवसांत होत नाही, चार-सहा आठवडे लागतात.

काढलेला d एवढ्यावरच संपत नाही. लाटेचा काळ बदलला तर d त्या काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३६५ चं वर्गमूळ १९.१, म्हणून उन्हाळा-हिवाळ्याच्या वार्षिक लाटेचा d रोजच्या d च्या एकोणीसपट. आपल्या ८ सेंटिमीटरच्या जमिनीत तो सुमारे दीड मीटर येतो. पण हा हिशोब वीस सेंटिमीटरच्या मातीवर मोजलेला आकडा दीड मीटरला लावतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तेवढ्या खोलीवर माती संपून मुरूम लागलेला असतो, आणि पावसाळ्यात सगळीच ओल बदलते. त्यामुळे वार्षिक आकडा अंदाज म्हणून ठेवा. नक्की हवा असेल तर एक सेन्सर मीटरभर खाली पुरून वर्षभर ठेवावा लागेल.